वासरांत लंगडी गाय शहाणी: सर्वांत कमी एआयसी म्हणजे खरं मॉडेल?

ऋचा_माटुंगा · मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, एका वाक्यावर मतं हवी आहेत. शनिवारी दादरला आमच्या अभ्यासगटात नेस्टेड मॉडेलांची तुलना कशी लिहायची यावर बोलायचं आहे. उदाहरणासाठी `lme4` मधला `sleepstudy` घेतलाय, म्हणजे कुणालाही घरी चालवून बघता येईल. १८ माणसं, प्रत्येकाच्या १० दिवसांच्या नोंदी, म्हणजे एकूण १८० ओळी. झोप रात्री तीन तासांवर आणली की प्रतिक्रियेला लागणारा वेळ दिवसागणिक किती मिलिसेकंदांनी वाढतो, हा प्रश्न.

```r
library(lme4)
m0 <- lmer(Reaction ~ Days + (1 | Subject),
           sleepstudy, REML = FALSE)
m1 <- lmer(Reaction ~ Days + (1 | Subject) + (0 + Days | Subject),
           sleepstudy, REML = FALSE)
m2 <- lmer(Reaction ~ Days + (Days | Subject),
           sleepstudy, REML = FALSE)
anova(m0, m1, m2)
```

```
   npar    AIC    BIC  logLik
m0    4 1802.1 1814.8 -897.04
m1    5 1762.0 1778.0 -876.00
m2    6 1763.9 1783.1 -875.97
```

`m0` ते `m1` काय-वर्ग ४२.०७५, एक डिग्री. `m1` ते `m2` काय-वर्ग ०.०६४, पी ०.८०.

मी लिहिलेलं वाक्य: "एलआरटी, एआयसी आणि बीआयसी या तिन्ही कसोट्यांनुसार `m1` हे योग्य मॉडेल ठरले, अर्थात व्यक्तीची सुरुवातीची पातळी आणि तिचा उतार यांच्यात सहसंबंध नाही." सहकाऱ्याचं म्हणणं, या एका वाक्यात तीन चुका आहेत. मला एकच दिसते. बाकीच्या दोन कुठल्या?

अक्षय_कुर्ला · ९.५२

"ठरले" ही पहिली. मॉडेल ठरत नसतं, लग्न ठरतं.

निनाद_ठाणे · १०.०५

माझंही हेच चाललंय! वॉर्डनिहाय महिन्याच्या डेंग्यू-केसेस आहेत. पॉइसॉन आणि निगेटिव्ह बायनॉमियल दोन्ही बसवले. एआयसीमध्ये निगेटिव्ह बायनॉमियल खूप पुढे. तर मग डेटा निगेटिव्ह बायनॉमियल आहे असं लिहिलं तर चालेल ना? ऋचाच्या प्रश्नाचं उत्तर तेच माझं.

गिरगावकर · १०.३०

निनाद, तुझं उत्तर वेगळं आहे, नंतर बघू. आधी ऋचा.

चूक एक: "तिन्ही कसोट्यांनुसार". हे तीन साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराची तीन वकिलांनी घेतलेली साक्ष आहे. नेस्टेड जोडीत तिन्ही आकडे एकाच गोष्टीतून निघतात: लॉग-लाइकलीहूडमधल्या फरकाची दुप्पट. तुझ्याकडे ती ०.०६४ आहे. मोठ्या मॉडेलमध्ये एक पॅरामीटर जास्त असेल, तर हा आकडा २ च्या वर गेला की एआयसी मोठं मॉडेल घेतं. बीआयसी १८० च्या नैसर्गिक लॉगच्या, म्हणजे ५.१९ च्या वर गेला की घेतं. एलआरटी ५ टक्क्यांवर ३.८४ ला घेतं. उंबरठे तेवढे वेगळे. पी-व्हॅल्यूच्या भाषेत सांगायचं तर एआयसी म्हणजे साधारण ०.१५७ ला कापणारी चाचणी आणि बीआयसी इथे ०.०२३ ला कापणारी. ०.०६४ हा आकडा तिन्ही उंबरठ्यांच्या खूप खाली आहे, म्हणून तिघांचं एकमत दिसतं. त्या एकमतातून नवी माहिती शून्य मिळते.

चूक दोन: "योग्य मॉडेल". तू तीनच उमेदवार उभे केलेस. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरली, एवढंच.

चूक तीन सर्वांत वाईट. "सहसंबंध नाही." पी ०.८० वरून हे निघत नाही.

ऋचा_माटुंगा · १०.४१

मला फक्त दुसरी दिसली होती. तिसरी थोडी उलगडून सांगाल का, काका? सहसंबंधाचा पॅरामीटर टाकून काही फायदा झाला नाही, मग तो शून्याजवळच असणार ना?

गिरगावकर · ११.०२

हे चालव.

```r
confint(m2, oldNames = FALSE)
```

प्रोफाइल पद्धतीने सहसंबंधाचा ९५ टक्के अंतराल साधारण −०.४८ ते ०.६८ येतो. अंदाज ०.०८. म्हणजे सहसंबंध शून्य असेल तरी हा डेटा कुरकुर करत नाही, ०.६ असेल तरी नाही, −०.४ असेल तरी नाही. "सहसंबंध नाही" आणि "१८ माणसांवरून सहसंबंध कळत नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या वाक्यात पहिलं आहे, डेटा दुसरं म्हणतोय.

लक्षात घे, सहसंबंध हा माणसांमधला आहे. त्याच्यासाठी तुझ्याकडे १८ बिंदू आहेत, १८० नाहीत. १८ बिंदूंवर सहसंबंध काढला की अंतराल असाच ऐसपैस येणार.

सायली_मुलुंड · ११.२०

थोडी भर घालते. `m1` आणि `m2` यांच्या एआयसीत फरक १.९ आहे. २ पेक्षा कमी फरक असेल तर दोन्ही मॉडेलं सारखीच चांगली मानायची, असा नियम आहे. म्हणून एकच न निवडता दोन्हींची सरासरी घ्यावी. अकाइकी वजनं मी काढली: `m1` ला ०.७२५, `m2` ला ०.२७५, `m0` ला जवळपास शून्य. म्हणजे `m1` खरं असण्याची शक्यता ७२ टक्के. असं लिहिलं की अनिश्चितता पण आली आणि कुणी नावंही ठेवणार नाही.

अपर्णा_पार्ले · ११.४५

सायली, वजनं बरोबर काढली आहेस, पण दोन ठिकाणी थांब.

पहिलं, २ चा नियम इथे फसवतो. मोठ्या मॉडेलमध्ये एक अगदी निरुपयोगी पॅरामीटर टाकला, समज प्रत्येक माणसाच्या बूटाचं माप टाकलं, तर लॉग-लाइकलीहूड जवळपास हलणार नाही आणि एआयसी २ च्या आसपास वाढेल. २ पेक्षा जास्त तर वाढूच शकत नाही, कारण पॅरामीटर जास्त असलेलं नेस्टेड मॉडेल लाइकलीहूडमध्ये मागे पडू शकत नाही. म्हणजे विजेत्याला एक रिकामा पॅरामीटर चिकटवून केलेलं कुठलंही मॉडेल कायम "२ च्या आत" येणार. `m2` हे १.९४ वर आहे याचा अर्थ "`m2` ला डेटाचा पाठिंबा आहे" असा नाही. त्याचा अर्थ इतकाच की दंड पूर्ण भरला आणि बदल्यात ०.०६४ मिळाले. अशा वेळी एआयसीच्या फरकाबरोबर लॉग-लाइकलीहूड पण छापायचं. −८७६.०० आणि −८७५.९७ शेजारी दिसले की वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

दुसरं, ७२ टक्के शक्यता "खरं असण्याची" नाही. वजनं या तिघांतच वाटली जातात, बेरीज एक व्हायलाच हवी म्हणून. उद्या चौथं मॉडेल आलं तर तीच वजनं बदलतील. शिवाय एआयसी विचारतो ते वेगळंच: याच प्रक्रियेतून नवा डेटा आला तर कुणाचा अंदाज कमी चुकेल? खरं कोण, हा प्रश्नच तो विचारत नाही.

सायली_मुलुंड · बुधवार, सकाळी ७.५८

ताई, बूटाच्या मापाचं पटलं. वजनांचं अर्धवट पटलं. "तुलनेत घेतलेल्या तीन मॉडेलांपैकी" असं आधी लिहून वजनं दिली तर?

अपर्णा_पार्ले · ८.३०

तसं दे. फक्त "शक्यता" हा शब्द नको, "सापेक्ष वजन" लिही.

मिलिंद_सायन · ९.१५

एआयसी अंदाजासाठी, कबूल. म्हणूनच तर बीआयसी आहे! बीआयसी खऱ्या मॉडेलकडे जातो, हे सिद्ध झालेलं आहे. नमुना वाढत गेला की बीआयसी खरं मॉडेलच निवडतो. ऋचाने एआयसी काढून टाकावा, बीआयसी ठेवावा आणि बिनधास्त "खरं" लिहावं. १७७८.० विरुद्ध १७८३.१, पाचाचा फरक आहे.

गिरगावकर · ९.४०

मिलिंद, प्रमेयाचं पहिलं वाक्य खाल्लंस. बीआयसी खऱ्या मॉडेलकडे जातो, *जर ते उमेदवारांत असेल तर*. नसेल तर तो उमेदवारांतल्या त्यातल्या त्यात जवळच्याकडे जातो, आणि जितका डेटा जास्त तितक्या आत्मविश्वासाने.

आणि इथे खरं मॉडेल उमेदवारांत नाही हे सांगायला आकडेमोडही लागत नाही. `?sleepstudy` उघड. दिवस ० आणि १ हे सवय आणि सरावाचे होते, दिवस २ हा आधाररेषेचा. झोप कमी करणं दिवस २ नंतर सुरू झालं. आपली तिन्ही मॉडेलं मात्र दिवस ० पासून सरळ रेष ओढतात. प्रयोगाच्या रचनेवरूनच तिघंही चुकीची आहेत, आणि तरी एक "सर्वोत्तम" आहे.

अक्षय_कुर्ला · ९.४८

म्हणजे तिघंही चुकीच्या लोकलमध्ये बसलेत आणि आपण भांडतोय खिडकीची सीट कोणाची.

मिलिंद_सायन · १०.१०

हे मी पाहिलं नव्हतं. पण मग बीआयसीत तरी १८० का घेतो सॉफ्टवेअर? माणसं १८ आहेत.

अपर्णा_पार्ले · १०.३५

हा प्रश्न खरंच मोकळा आहे. `lme4` ओळींची संख्या घेतं, १८०. माणसांची संख्या घेतली तर प्रत्येक पॅरामीटरचा दंड ५.१९ वरून २.८९ वर येतो आणि `m1`, `m2` मधला फरक ५.१ वरून २.८ वर. माणसांमधल्या विचरणाचे पॅरामीटर असतील तर १८ जास्त समर्थनीय वाटतं, दिवसाच्या सरासरी उतारासाठी कदाचित नाही. मी दोन्ही काढून बघते आणि कोणता `n` घेतला ते लिहिते. क्रम बदलत नसेल तर वाद घालत नाही. इथे बदलत नाही.

गिरगावकर · १०.५०

मी तर मिश्र मॉडेलांत बीआयसी छापतच नाही. `n` काय हे ठरत नाही त्याचा लॉग कशाला घ्यायचा?

अपर्णा_पार्ले · १०.५५

तुमचं आहेच नेहमीचं. वाचणारे विचारतात, त्यांना द्यावा लागतो.

ऋचा_माटुंगा · दुपारी १.२०

थांबा. दिवस ० हा आधाररेषा नाही, तर मी `Days - 2` घेतलं तर? तसा बदल केल्यावर उतार तोच राहणार, फक्त इंटरसेप्ट दिवस २ चा होणार. तुलना तीच येईल ना?

गिरगावकर · १.५५

आता मुद्द्याला हात घातलास. `m2` साठी काहीच बदलणार नाही, लॉग-लाइकलीहूड −८७५.९७ च राहील. फक्त सहसंबंधाचा अंदाज बदलेल. `m1` मात्र वेगळंच मॉडेल होईल.

कागदावर करून बघ. `m2` मध्ये इंटरसेप्टचं विचरण ५६५.५, उताराचं ३२.७, आणि सहविचरण ०.०८ × २३.७८ × ५.७२, म्हणजे सुमारे १०.९. शून्य दोन दिवस पुढे सरकवलं की सहविचरणात उताराच्या विचरणाची दुप्पट मिळते: १०.९ + ६५.४ = ७६.३. नव्या इंटरसेप्टचं विचरण ५६५.५ + ४ × १०.९ + ४ × ३२.७, म्हणजे ७४० च्या आसपास, मूळ २७.२. सहसंबंध ७६.३ ÷ (२७.२ × ५.७२), साधारण ०.४९. शून्य मधोमध, दिवस ४.५ वर नेलं तर हाच सहसंबंध ०.७६ होतो.

तोच डेटा, तेच मॉडेल, तीच माणसं. दिवसांना क्रमांक कुठून द्यायचे एवढंच बदललं आणि "सहसंबंध नाही" चं "चांगलाच सहसंबंध आहे" झालं. सहविचरण शून्य होतं ते दिवस −०.३३ ला. कुणीतरी मोजायला ० पासून सुरुवात केली, ते योगायोगाने त्या ठिकाणाच्या शेजारी पडलं. तुझ्या `m1` चा विजय हा बराचसा त्या योगायोगाचा विजय आहे.

```r
sleepstudy$D2 <- sleepstudy$Days - 2
m1b <- update(m1, . ~ D2 + (1 | Subject) + (0 + D2 | Subject))
m2b <- update(m2, . ~ D2 + (D2 | Subject))
anova(m1b, m2b)
```

`m2b` चं लॉग-लाइकलीहूड `m2` शी जुळतंय याची आधी खात्री कर. जुळलं नाही तर कुठेतरी टायपिंगची चूक आहे. मग `m1b` किती घसरलं ते बघ.

अक्षय_कुर्ला · २.०३

घर तेच, पत्ता बदलला, आणि शेजारी म्हणतात माणूसच बदलला.

ऋचा_माटुंगा · २.३०

चालवलं. `m2b` जुळतंय, `m1b` घसरलं. शनिवारचा अर्धा तास यातच जाणार.

म्हणजे सहसंबंध काढून टाकायचा असेल तर शून्य कुठे आहे ते सांगितल्याशिवाय वाक्यच अर्धवट आहे?

अपर्णा_पार्ले · २.४८

हो. सहसंबंध काढणं हे शून्याच्या जागेवर अवलंबून असलेलं गृहीतक आहे. ती जागा विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण नसेल (इथे ० हा सरावाचा दिवस, त्याला काय अर्थ?) तर मी सहसंबंध ठेवते, एलआरटी काहीही म्हणो.

सायली_मुलुंड · ३.१०

सहसंबंध ठेवायचा की काढायचा यावर दोन पंथ आहेत ना? एक म्हणतो रचनेत आहे ते सगळं ठेवा, दुसरा म्हणतो डेटाला झेपत नसेल तर काढा, नाहीतर मॉडेल बसतच नाही.

गिरगावकर · ३.२५

आहेत, आणि दोघांकडेही मुद्दा आहे. इथे मॉडेल नीट बसतंय, सिंग्युलर असल्याची तक्रार नाही. मग काढण्याची घाई कशाला? पण ४० पॅरामीटरांचं रॅन्डम भागाचं जंगल असतं तर मीही काटछाट केली असती.

निनाद_ठाणे · ४.४०

माझा डेंग्यू राहिला. आणि ऋचाच्या `m0`, `m1` तुलनेबद्दल एक: तिथे पी-व्हॅल्यू अर्धी करायला हवी ना? विचरण शून्य म्हणजे काठावरचं गृहीतक, ऋण होऊच शकत नाही. तसंच `m1`, `m2` ची ०.८० पण अर्धी करून ०.४०?

गिरगावकर · ५.१५

पहिलं अर्धं बरोबर, दुसरं नाही. `m0` ते `m1` मध्ये उताराचं विचरण शून्य आहे का हे विचारतोस. शून्य हा काठ आहे. त्यामुळे शून्य-गृहीतकाखाली काय-वर्ग अर्ध्या वेळी शून्यावर पडतो आणि अर्ध्या वेळी एक-डिग्रीचा असतो. पी अर्धी करायची. ४२ वर त्याने काही फरक पडत नाही, पण काय-वर्ग २.९ असता तर पडला असता: ०.०८९ ची ०.०४४ झाली असती. `m0` वरून थेट `m2` वर उडी मारलीस तर विचरण आणि सहविचरण दोन्ही येतात, तिथे एक आणि दोन डिग्रींचं अर्धं-अर्धं मिश्रण. नुसतं अर्धं करून भागत नाही.

`m1` ते `m2` मध्ये प्रश्न सहसंबंध शून्य आहे का हा. सहसंबंध दोन्हीकडे जाऊ शकतो, शून्य हा काठ नाही, मध्य आहे. ०.८० तशीच ठेव.

१८ माणसांवर कागदी सूत्रांवर भरवसा नसेल तर छोट्या मॉडेलमधून हजार डेटासंच सिम्युलेट कर, प्रत्येकावर दोन्ही मॉडेलं बसव, आणि किती वेळा काय-वर्ग तुझ्या आकड्याच्या वर जातो ते मोज. चहा होईपर्यंत होतं.

तुझा डेंग्यू: पॉइसॉन हे निगेटिव्ह बायनॉमियलच्या काठावरच बसतं, जादा विचरण शून्य असलेलं टोक. म्हणून तिथेही पी अर्धी. आणि "डेटा निगेटिव्ह बायनॉमियल आहे" असं लिहू नकोस. "पॉइसॉनला न झेपणारं जादा विचरण आहे, ते निगेटिव्ह बायनॉमियलने सामावलं" असं लिही. ते जादा विचरण पावसाळ्याचा भाग मॉडेलमध्ये न घातल्यानेही आलेलं असू शकतं. महिन्याचा आकडा घातला आहेस का?

निनाद_ठाणे · ५.२२

...नाही.

अक्षय_कुर्ला · ५.२४

मुंबईत राहून पावसाळा विसरला!

निनाद_ठाणे · ५.२५

ठाण्यात राहतो.

मिलिंद_सायन · रात्री ८.४५

एक व्यावहारिक शंका. मी `m0` आणि बाकीच्यांना रेमलने बसवून `AIC()` काढला तर वेगळे आकडे येतात. `anova()` मात्र ऋचाचेच देतो. का?

अपर्णा_पार्ले · ९.१०

`anova()` गुपचूप नाही, निरोप देऊन एमएलने पुन्हा बसवतो. `AIC()` तू दिलेलं मॉडेल जसंच्या तसं घेतो. इथे तिन्ही मॉडेलांचा फिक्स्ड भाग तोच आहे, त्यामुळे रेमलवरची तुलनाही आपापसात चालते. पण एकात `Days` आणि दुसऱ्यात नसेल तर रेमलचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. एका तक्त्यात एमएल आणि रेमल कधी मिसळायचे नाहीत, आणि कशाने बसवलं ते तक्त्याखाली लिहायचं. तुलना एमएलवर, शेवटचे अंदाज रेमलवर, ही माझी पद्धत.

दुसरी ठेच ओळींची. नव्या चलात गाळलेल्या नोंदी असतील तर मोठं मॉडेल कमी ओळींवर बसतं आणि त्याचा एआयसी उगाच कमी दिसतो. `anova()` अडवतो, `AIC()` फक्त इशारा देऊन पुढे जातो. प्रत्येक मॉडेलसमोर `nobs()` चा आकडा छापला की प्रश्न मिटला.

ऋचा_माटुंगा · ९.४०

मग दिवस ० आणि १ काढून १४४ ओळींवर बसवलेलं मॉडेल माझ्या तक्त्यात चौथी ओळ म्हणून टाकता येणार नाही.

अपर्णा_पार्ले · ९.४४

नाही. त्याचा वेगळा तक्ता, तिन्ही मॉडेलं पुन्हा १४४ वर. किंवा १८० वरच ठेवून दिवस २ पर्यंत सपाट आणि पुढे चढणारी रेष घे, ती याच तक्त्यात बसेल. फक्त ती `m1` ची नेस्टेड नाही, त्यामुळे तिथे एलआरटी नको, एआयसी चालेल.

ऋचा_माटुंगा · १०.३०

नवा मसुदा. सोलून काढा.

"दिवसागणिक होणारी वाढ सर्वांत सारखी मानणारे मॉडेल (`m0`) डेटाशी स्पष्टपणे कमी जुळते (काय-वर्ग ४२.०८, काठावरची दुरुस्ती करूनही पी < ०.००१, एआयसी १८०२.१ विरुद्ध १७६२.०). सहसंबंध जोडल्याने लॉग-लाइकलीहूड −८७६.०० वरून −८७५.९७ झाले, या आकड्यावरून सहसंबंध आहे किंवा नाही असे म्हणता येत नाही (अंदाज ०.०८, ९५ टक्के अंतराल −०.४८ ते ०.६८, दिवस ० हे शून्य धरून). सरासरी वाढ तिन्ही मॉडेलांत दिवसाला १०.४७ मिलिसेकंद आहे. तिची प्रमाण त्रुटी रेमलने `m0` मध्ये ०.८०, `m1` मध्ये १.५६, `m2` मध्ये १.५५. पुढील निष्कर्ष `m2` वर आधारित आहेत. तिन्ही मॉडेले दिवस ० पासून सरळ रेष गृहीत धरतात. प्रयोगात झोप कमी करणे दिवस २ नंतर सुरू झाले होते."

गिरगावकर · १०.५२

प्रमाण त्रुटीची ओळ टाकलीस ते उत्तम. मूळ प्रश्न दिवसाला किती वाढ हा होता, आणि त्याच्यासाठी `m1` की `m2` या भांडणाने १.५६ चं १.५५ होतं. `m0` घेतलं असतं तर त्रुटी निम्मी दिसली असती. कुठली निवड महत्त्वाची आणि कुठली नाही, ते या एका ओळीत दिसतं.

सायली_मुलुंड · ११.०५

पण `m2` एआयसीत मागे असताना "`m2` वर आधारित" का, हे लिहिलं नाहीस. वाचणारा तिथेच अडेल.

ऋचा_माटुंगा · ११.१२

"सहसंबंध काढण्याचे गृहीतक दिवसांच्या क्रमांकनावर अवलंबून असल्याने" असं जोडते.

मिलिंद_सायन · ११.२०

आणि शेवटचं वाक्य? एवढं मान्य केलंस तर कुणीही विचारेल, मग चढणारी रेष का नाही बसवली?

अपर्णा_पार्ले · ११.३१

बसव, पण ते डेटा पाहून सुचलेलं मॉडेल नाही, प्रयोगाच्या रचनेतून आलेलं आहे, हे लिही. नाहीतर आधी दहा मॉडेलं बघून अकरावं निवडल्यासारखं दिसेल.

गिरगावकर · ११.३६

मी तर म्हणतो सरावाचे दिवस सरळ काढ आणि १४४ वर काम कर. सराव सुरू असताना वेळ सुधारतही असेल, सपाट रेष तरी कशावरून?

अपर्णा_पार्ले · ११.४०

आणि १८ जणांच्या ३६ नोंदी फेकून द्यायच्या? त्यात व्यक्तीची पातळी कळायला मदत होते.

गिरगावकर · ११.४३

शनिवारी दादरला येतोय. तिथे भांडू.

अक्षय_कुर्ला · ११.४५

वडापाव कोणाकडून? उमेदवार तीन, निकष फक्त चव. एआयसी काढू नका.